४४.६७ टक्के म्हणजे ४५ टक्के नव्हेत

*सर, माझ्या मुलीला यंदा बारावी सायन्सला फिजिक्समध्ये ४४, केमिस्ट्रीत ४७ आणि मॅथ्समध्ये ४३ गुण पडले. पीसीएमची बेरीज १३४, म्हणजे ४४.६७ टक्के. सीईटीचा स्कोअर बरा आहे. आम्ही ओपनमधले. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं, की ४४.५० च्या पुढचं सगळं राउंड होऊन ४५ धरतात, तुम्ही फक्त सीट आताच बुक करा. मुलगीही म्हणते, पेपरातला अर्धा गुण पूर्ण करतात तर टक्क्यांतला का नाही? खरं काय आहे? पैसे भरू का?*
*– एक आई, जालना*

ताई, पैसे भरू नका. ४४.६७ चे ४५ होत नाहीत, आणि ते करून देण्याचा अधिकार त्या ऑफिसला नाही. पण तुमच्या मुलीच्या प्रश्नात तथ्य आहे. तिने योग्य जागी बोट ठेवलंय. पेपरात अर्धा गुण पूर्ण होतो हे खरं, टक्क्यांत होत नाही हेही खरं. तुमच्या हातात आता जो उपाय आहे, तो या दोन्हींच्या मधूनच निघतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टक्के बाजूला ठेवा आणि गुण धरा. आपल्या राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला खुल्या प्रवर्गासाठी तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ही अट ४० टक्क्यांची आहे. तीन विषय प्रत्येकी १०० चे, एकूण ३००. त्याचे ४५ टक्के म्हणजे १३५. बस, हाच तो आकडा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर विषयाचे गुण पूर्णांकातच येतात, म्हणजे १३४ आणि १३५ यांच्यामध्ये दुसरं काही नाही. १३४ ला ४४.६७ छापून येतात आणि ४५ च्या इतके जवळ दिसतात की वाटतं, थोडं पुढे सरकवलं तर कुणाचं काय बिघडणार. गुणांत पाहिलं की तो भास राहत नाही. एक गुण कमी आहे, एवढीच गोष्ट.

शिवाय ४४.६७ हा आकडासुद्धा गोल केलेलाच आहे. १३४ ला ३०० ने भागून शंभरने गुणलं की ४४.६६६… असं न संपणारं उत्तर येतं. दोन दशांश स्थळांपर्यंत लिहायचं म्हणून शेवटच्या ६ चा ७ झाला. पण ते लिहिण्यापुरतं. प्रवेशाच्या अर्जात तुम्ही मिळालेले गुण आणि एकूण गुण भरता, आणि पात्रता ठरते ती मिळालेल्या गुणांवर. सुविधा केंद्रावर कागद तपासणाऱ्या माणसासमोरही गुणपत्रिकेतलेच गुण असतात. ४४.५० च्या पुढचं ४५ करणारं कलम त्याच्याकडे नाही.

आता मुलीचा प्रश्न. मी अनेक वर्षं बारावीचे भौतिकशास्त्राचे पेपर तपासले आहेत, त्यामुळे अर्धा गुण कुठे जन्माला येतो हे मला आतून माहीत आहे. लेखी पेपर ७० गुणांचा. त्यात दोन गुणांचं एखादं गणित घ्या. आदर्श उत्तरपत्रिकेत त्याचे टप्पे पाडलेले असतात: सूत्र लिहिलं की अर्धा, किमती घातल्या की अर्धा, आकडेमोड बरोबर असली की अर्धा, आणि एककासह उत्तर आलं की अर्धा. पोराने उत्तर बरोबर काढलं आणि एकक लिहायचं विसरला, की दीड. आकृतीला नावं दिली नाहीत, की अर्धा गेला. असे अर्धे-अर्धे प्रत्येक प्रश्नापुढे पडत जातात आणि शेवटी मुखपृष्ठावरच्या तक्त्यात त्यांची बेरीज होते. बेरीज साडेएकोणीस आली, तर ती पुढच्या पूर्णांकात नेतात आणि २० लिहितात. साडेबावीसचे २३. हा गोल करण्याचा नियम बोर्डाचा आहे, तपासनिसाला सांगितलेला आहे, आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेला सारखाच लागू आहे. तो एकदाच लागतो, एका पेपरच्या एकूण बेरजेला. प्रश्नागणिक कुणी गोल करत नाही, आणि तीन विषयांची बेरीज झाल्यावर पुन्हा करत नाही.

पात्रतेच्या नियमात मात्र शब्द आहे 'किमान'. तिथे अपूर्णांक पुढे न्यावा असं कुठे लिहिलेलं नाही, आणि लिहिलेलं नाही म्हणूनच तो नेता येत नाही. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा एक निकाल आहे. ओडिशा लोकसेवा आयोगाच्या न्यायिक सेवा परीक्षेचं ते प्रकरण. मुख्य लेखी परीक्षा ७५० गुणांची आणि मुलाखतीसाठी एकूण किमान ४५ टक्क्यांची अट. एका उमेदवाराला ३३७ गुण मिळाले, म्हणजे ४४.९३ टक्के. ७५० चे ४५ टक्के काढून बघा: ३३७.५. अडलं होतं ते बरोबर अर्ध्या गुणावर. ४४.९३ चे ४५ धरावेत अशी मागणी होती. उच्च न्यायालयाने ती मान्य केली, सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. नियमात गोल करण्याची तरतूद नसेल, तर किमान गुणांची अट तशी शिथिल करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

हा निकाल ऐकायला कठोर वाटतो, मलाही पहिल्यांदा वाचताना तसं वाटलं होतं. पण दुसरी बाजू बघा. ४४.५० ला ४५ म्हणायचं ठरवलं, तर खरी अट ४४.५० ची झाली. मग १३३ गुणांवर, म्हणजे ४४.३३ वर अडकलेल्या मुलाची आई हेच पत्र मला लिहील, आणि तिला द्यायला माझ्याकडे वेगळं कारण नसेल. रेषा कुठेही ओढली तरी तिच्या लगेच खाली कुणीतरी उभं असतंच. ती आधी जाहीर झालेली असावी आणि सगळ्यांना एकच असावी, एवढंच आपण मागू शकतो.

आणि इथे ही रेषा इतकी जड का, तेही समजून घ्या. इंजिनिअरिंगला जागा सीईटीच्या गुणवत्तेवर मिळते. सीईटीचं पर्सेंटाइल दशांशाच्या सात स्थळांपर्यंत देतात. तिथे कुणी काही गोल करत नाही, उलट दोन मुलं एकाच आकड्यावर येऊ नयेत म्हणून ते इतकं लांबवलेलं असतं. बारावीच्या गुणांचं मुख्य काम आत घेण्याचं. पात्रतेपुरते १३५ आणि २७० सारखेच. पण १३४ असतील, तर सीईटीत कितीही चांगलं केलेलं असो, तो स्कोअर या वर्षी वापरता येत नाही. एखाद्या कॉलेजचा कटऑफ हुकला तर मूल दुसऱ्या कॉलेजात जातं. पात्रतेचा आकडा हुकला तर कुठेच जात नाही. बोलताना लोक दोन्हीला कटऑफच म्हणतात, त्यातून बरेच घोळ होतात.

म्हणून त्या ऑफिसातलं आश्वासन धोक्याचं आहे. व्यवस्थापन कोट्यातून जागा देऊ म्हणाले, तरी तिथे ४५ टक्क्यांची हीच अट आहे. कॉलेजने नाव नोंदवलं, फी घेतली, मुलगी वर्गात बसायला लागली, तरी त्या प्रवेशाला नंतर प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. कॉलेजला प्रत्येक मुलाचे कागद तिथे पाठवावे लागतात. त्यात १३४ दिसले की मान्यता अडते, आणि तोवर बाकी सगळीकडचे प्रवेश संपलेले असतात. तुम्ही त्यांना एवढंच म्हणा: राउंड करण्याचा नियम माहितीपुस्तिकेत कुठल्या कलमात आहे ते दाखवा आणि तसं लेखी द्या. ते देणार नाहीत.

आता उपाय. पहिली गोष्ट आजच्या आज तपासा, कारण तिला पैसाही लागत नाही. आपण सवयीने पीसीएम म्हणतो, पण राज्याच्या नियमात भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय सक्तीचे आहेत, तिसरा मात्र रसायनशास्त्रच हवा असं नाही. त्याच्या जागी जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा तांत्रिक-व्यावसायिक विषय चालतो. मुलीने बारावीला जीवशास्त्रही घेतलं आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेतलं असेल आणि त्यात ४८ किंवा जास्त गुण असतील, तर ४४ अधिक ४३ अधिक ४८ म्हणजे १३५, आणि प्रश्न तिथेच मिटला. यंदाच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान उघडून तिसऱ्या विषयाची यादी शब्द न् शब्द वाचा. पीसीएमची बेरीज करून घरी बसलेली आणि प्रत्यक्षात पात्र असलेली मुलं असतात, त्यात तुमची नको.

ते जमत नसेल, तर तो एक गुण उत्तरपत्रिकेतच शोधायचा. इथे मुलीचा अर्धा गुण कामाला येतो.

तिच्या गुणपत्रिकेत लेखी आणि प्रात्यक्षिक यांची फोड तुम्ही दिलेली नाही, म्हणून समजण्यापुरती मी एक धरतो. फिजिक्स ४४ म्हणजे लेखी २० आणि प्रात्यक्षिक २४. केमिस्ट्री ४७ म्हणजे लेखी २२, प्रात्यक्षिक २५. मॅथ्स ४३ म्हणजे ८० पैकी लेखी २६ आणि २० पैकी १७. प्रात्यक्षिकाचे गुण हलत नाहीत. पुन्हा तपासणी होते ती लेखीची. तर लेखीचे २०, २२ आणि २६ यांतला कोणताही एक आकडा एकाने वाढायला हवा.

पण हे तीन आकडे दिसतात तितके सारखे नाहीत. समजा बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली आणि ती आल्यावर फिजिक्सच्या तक्त्याची बेरीज निघाली साडेएकोणीस, आणि ती पुढे नेऊन २० केलेली आहे. केमिस्ट्रीची बेरीज निघाली नेमकी २२. आता दोन्ही पेपरांत तुम्हाला अर्धा-अर्धा गुण सुटलेला सापडला. फिजिक्समध्ये साडेएकोणीसचे २० होतील, म्हणजे होते तेच. गोल करण्याचा फायदा तिथे आधीच मिळून गेलेला आहे. केमिस्ट्रीत २२ चे साडेबावीस होतील आणि ते २३ लिहिले जातील. विषयाचे ४८, तिघांचे १३५. म्हणजे एका पेपरातला अर्धा गुण काहीच करत नाही आणि दुसऱ्यातला अर्धा गुण मुलीला पात्र करतो. गुणपत्रिकेवर २० आणि २२ दोन्ही पूर्णांकच दिसतात. कोणता मुळात पूर्ण आणि कोणता केलेला, हे उत्तरपत्रिका बघितल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

म्हणून माझं मत असं, की नुसत्या गुणपडताळणीवर थांबू नका. गुणपडताळणी स्वस्त आहे, विषयाला ५० रुपये, पण तिच्यात बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं आहे का आणि आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरले आहेत का, एवढंच बघतात. दिलेला अर्धा योग्य होता की नाही, यात कुणी शिरत नाही. तुम्ही तिन्ही विषयांच्या छायाप्रती मागवा. गेल्या काही वर्षांत छायाप्रतीचं शुल्क विषयाला ४०० रुपये आहे, तिन्हींचे १,२०० होतील. एकाच विषयाची मागवून पैसे वाचवायचा मोह होईल, पण वर सांगितलं तसं, अर्धा कुठे उपयोगी पडेल ते आधी कळत नाही. उत्तरं नव्याने तपासून घ्यायची, म्हणजे पुनर्मूल्यांकन करायचं, तर छायाप्रत आधी घेतलेली असावीच लागते. त्याचे विषयाला ३०० रुपये, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कार्यालयीन कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. निकालानंतर छायाप्रतीसाठी अर्जाची मुदतही थोडीच असते; बोर्डाच्या संकेतस्थळावर ती तारीख आज बघून ठेवा.

छायाप्रत हातात आली की आधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा. उत्तरांपुढे समासात दिलेले गुण एका कागदावर प्रश्नवार उतरवून घ्या आणि मुखपृष्ठावरच्या तक्त्याशी एकेक जुळवा. तपासनिसानंतर पेपर पुन्हा बघणाऱ्या नियामकाने गुण बदललेले असतील तर तेही दिसतील. कोणता आकडा अंतिम धरला आहे ते बघा. आत दीड आणि तक्त्यात एक, असं क्वचित का होईना, होतं. पुरवणी जोडलेली असेल तर तिची पानं खास बघा, तपासायचं राहिलेलं उत्तर बहुधा तिथेच सापडतं. ही बेरीज तुम्ही स्वतः करू शकता, त्याला विषय यावा लागत नाही. आणि बेरीज करताना प्रत्येक विषयापुढे लिहून ठेवा: पूर्ण, की अर्धा पुढे नेलेला.

त्यानंतर मुलीच्या कॉलेजातल्या त्या-त्या विषयाच्या शिक्षकांकडे जा. ज्या पेपरची बेरीज मुळात पूर्ण आहे, तो त्यांच्यापुढे आधी ठेवा आणि नेमका प्रश्न विचारा: यात टप्प्याचा एखादा अर्धा गुण सुटलाय का? 'गुण कमी दिलेत का' असं मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येईल. सूत्र बरोबर लिहून पुढे चूक झालेली गणितं, अर्धवट पण बरोबर समीकरणं, आकृती काढलेली पण गुण फक्त मजकुराला दिलेले, अशी ठिकाणं अनुभवी शिक्षकाला दहा मिनिटांत दिसतात. अर्धा पुढे नेलेल्या पेपरात अर्ज करायचा असेल, तर तिथे पूर्ण एक गुण सुटलेला दिसायला हवा, नाहीतर ३०० रुपये व्यर्थ जातील. पुनर्मूल्यांकनात गुण कमीही होऊ शकतात आणि जे येतील ते स्वीकारावे लागतात. म्हणून शिक्षकाने जागा दाखवली तरच अर्ज करा, आशेवर नको.

हे चालू असताना सीईटीच्या केंद्रीभूत प्रवेशाच्या तारखांवर लक्ष असू द्या. गुण वाढले तरी सुधारित गुणपत्रिका दाखवल्याशिवाय प्रवेशाच्या यादीत त्याचा उपयोग नाही, आणि फेऱ्या कुणासाठी थांबत नाहीत. छायाप्रतीचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत ठेवू नका.

एकही अर्धा सापडला नाही, तर गुणसुधार योजनेतून पुरवणी परीक्षा देता येते. तिथे गुण वाढवण्याची संधी खरी आहे, पण तो निकाल यंदाच्या फेऱ्यांत बसेल की नाही हे दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून बघावं लागेल. किंवा बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन, डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हा रस्ता लांबचा, पण सरळ आहे. व्यवस्थापन कोट्यातल्या त्या 'बुकिंग'पेक्षा मला तो कितीतरी पटीने बरा वाटतो.

छायाप्रती आल्या आणि बेरजेत काही अडलं, तर प्रश्नवार गुण लिहिलेला तो कागद मला पाठवा. पण पाच दिवसांची मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते, तेव्हा माझ्या उत्तरासाठी थांबू नका. शिक्षकांना आधी गाठा.